शारीरिक शिक्षणाच्या प्रगतिपत्रकात शेरा कसा लिहावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील मराठी प्राथमिक आणि माध्यमिक शाळांत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतले आहे, ते म्हणजे सहावीच्या वर्गाला शिकवलेला खो-खोचा घटक. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा यांपैकी कुठल्याही तालुक्यातील शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून हा खेळ घेता येतो आणि त्यासाठी साहित्यही फारसे लागत नाही. शिवाय वेगाने पळणे आणि खेळ समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या खेळात फार स्पष्ट दिसते. आपल्या शेऱ्यांत नेमका हाच फरक हरवलेला असतो.

«खेळात चांगली प्रगती» या शेऱ्यात खटकण्यासारखे काय आहे?

हा शेरा खोटा नसतो. मात्र त्यातून पालकांना काहीही कळत नाही आणि मुलाला पुढे काय करायचे तेही समजत नाही. प्रगती कशात झाली, कुठून कुठवर झाली, शिक्षकाने ती कधी पाहिली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. एक साधी कसोटी अशी आहे. शेऱ्यावरचे मुलाचे नाव झाकावे आणि त्याच वर्गाला शिकवणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाला तो वाचायला द्यावा. हा शेरा कोणत्या घटकाविषयी आहे आणि साधारण कोणत्या मुलाविषयी असावा, हे त्याला सांगता आले नाही, तर तो पुन्हा लिहावा लागेल.

«चपळ आहे», «उत्तम खेळाडू», «खेळात रस कमी», «मैदानावर मागे पडते» यांसारखे शेरे याहून अधिक हानी करतात. त्यांत मुलाने काय शिकले याचा उल्लेख नसतो. मूल कसे आहे याचा निकाल तेवढा दिलेला असतो. चपळ म्हटलेल्या मुलाला शिकण्यासारखे काही उरले आहे असे वाटत नाही आणि मागे पडते म्हटलेली मुलगी पुढच्या वर्षी मैदानाच्या कडेला बसण्याची कारणे शोधू लागते.

मुलाची मूळ क्षमता आणि त्याने शिकलेली गोष्ट यांत फरक कसा करावा?

सहावीची मुले साधारण अकरा-बारा वर्षांची असतात. या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढू लागलेली असते, तर मुलांमध्ये हीच वाढ सरासरी दोनेक वर्षांनी उशिरा येते. शिवाय एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराचे अंतर असलेली मुले शेजारी शेजारी बसतात. अशा वर्गात पन्नास मीटर धावण्याची शर्यत लावली, तर पुष्कळदा कोणाचे शरीर आधी वाढले एवढेच आपण मोजत असतो. त्यात शिकवण्याचा आणि शिकण्याचा वाटा किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

म्हणून शेरा लिहिण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे मी या सत्रात शिकवले होते का? मूल जोरात पळते, कारण ते तसे पळतेच. परंतु धावक पलीकडे निसटल्यावर कोणाला खो द्यायचा हा निर्णय ते घेऊ लागले असेल, तर ते मैदानावर शिकवल्यामुळे आणि सराव केल्यामुळे घडलेले आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शारीरिक शिक्षण आणि स्वास्थ्य हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानले असून त्याची मांडणीही ध्येये, क्षमता आणि अध्ययन निष्पत्ती अशी केलेली आहे. गणिताचा शिक्षक «हिशेबात हुशार» एवढेच लिहून थांबत नाही, अपूर्णांकांची बेरीज जमते की नाही हे तो सांगतो. आपल्याकडूनही तितक्याच नेमकेपणाची अपेक्षा आहे.

खो-खोच्या घटकासाठी अध्ययन निष्पत्ती कशी मांडावी?

एका सत्रात एका घटकासाठी दोन निष्पत्ती पुरेशा होतात. सहा-सात लिहून ठेवल्या, तर त्यांपैकी एकीचेही निरीक्षण नीट होत नाही. निष्पत्ती डोळ्यांनी दिसेल आणि कानांनी ऐकू येईल अशी असावी. «खो-खोचे कौशल्य आत्मसात करतो» हे वाक्य कागदावर शोभते, मात्र शिट्टी हातात घेऊन मैदानावर उभ्या असलेल्या शिक्षकाला नेमके काय पाहायचे ते त्यातून कळत नाही.

खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मध्यपाटीवरच्या चौकांत बसतात आणि शेजारी-शेजारी बसलेल्यांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. पाठलाग करणाऱ्या खेळाडूला बसलेल्यांच्या मधून मध्यपाटी ओलांडता येत नाही. धावकाला मात्र ती ओलांडता येते. त्यामुळे धावक पलीकडे निसटला की स्वतः धावत राहून उपयोग होत नाही, पलीकडे तोंड करून बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून त्याला खो द्यावा लागतो. खेळाचे सगळे मर्म या एका क्षणात आहे, म्हणून आपल्या निष्पत्तीही याच क्षणाभोवती मांडाव्यात.

पहिली निष्पत्ती: बसलेल्या सोबत्याला पाठीमागून, तळहाताचा स्पर्श आणि «खो» हा स्पष्ट उच्चार एकाच वेळी करून नियमानुसार खो देतो.

दुसरी निष्पत्ती: धावक मध्यपाटी ओलांडून गेल्यावर त्या बाजूला तोंड असलेला जवळचा सोबती ओळखून त्याला खो देतो.

पहिलीत कृती आहे आणि दुसरीत निर्णय आहे. या दोन्हींपैकी एकीतही वेगाचा उल्लेख नाही. हळू पळणारे मूल या दोन्ही निष्पत्ती पूर्णपणे गाठू शकते आणि वर्गातले सर्वांत वेगवान मूल दोन्हींत कच्चे असू शकते.

वर्गात चाळीस मुले आणि पस्तीस मिनिटांची तासिका, मग प्रत्येकाचे निरीक्षण होणार कसे?

एका तासिकेला सर्वांचे निरीक्षण करायला गेले तर कोणाचेच होत नाही. त्याऐवजी प्रत्येक तासिकेला सहा मुले आधीच ठरवावीत आणि त्यांची नावे हाताच्या तळव्याएवढ्या कागदावर लिहून खिशात ठेवावीत. त्या दिवशी खेळ सर्वांचा घ्यावा, नोंद मात्र त्या सहांचीच करावी. चाळीस मुलांचा वर्ग अशा सात तासिकांत पूर्ण होतो. आठवड्याला दोन तासिका असतील, तर महिनाभरात एक फेरी होते आणि घटकाच्या शेवटी दुसरी फेरी घेता येते. दुसरी फेरी घ्यावीच, कारण एकाच निरीक्षणावरून प्रगती सांगता येत नाही, त्या दिवशीची स्थिती तेवढी सांगता येते.

नोंद करताना गुण देऊ नयेत. मुलाला ती गोष्ट कोणत्या परिस्थितीत जमली ते लिहावे. यासाठी तीन आकडे पुरतात. सांगितल्यावर जमले तर १, सरावात आपणहून जमले तर २ आणि खेळ रंगात असताना आपणहून जमले तर ३. आकड्यासमोर डोळ्यांना जे दिसले ते तीन-चार शब्दांत लिहावे: «पोलपर्यंत एकटाच», «आवाज ऐकू नाही आला», «खो आधीच उठली». शेरा लिहायला बसल्यावर खरा आधार या शब्दांचाच असतो. नुसते आकडे असतील, तर दोन महिन्यांनी त्यांचा अर्थ आपल्यालाच लागत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. शालेय स्पर्धांचा मोसम सुरू झाला की क्रीडाशिक्षकाचे लक्ष आपोआप संघातील मुलांकडे जाते. तालुक्याच्या सामन्यांना संघ घेऊन जायचा, सराव घ्यायचा, अर्ज भरायचे, ही कामे टाळता येत नाहीत. मात्र त्या आठवड्यांत संघात नसलेल्या तीस-पस्तीस मुलांची एकही नोंद होत नाही आणि प्रगतिपत्रकाच्या वेळी नेमक्या त्यांच्याच नावांसमोर «सहभाग घेतो» एवढेच लिहिले जाते. म्हणून पहिली फेरी स्पर्धांच्या आधी उरकावी आणि तिची सुरुवात संघात नसलेल्या मुलांपासून करावी.

नोंदीवरून शेरा प्रत्यक्षात कसा तयार होतो?

सहावीच्या वर्गात हमखास भेटणारी तीन मुले घेऊ आणि प्रत्येकाची नोंद व शेरा शेजारी ठेवून पाहू.

पहिला मुलगा वर्गात सर्वांत वेगाने पळतो आणि शाळेच्या संघात आहे. पहिल्या फेरीत दुसऱ्या निष्पत्तीसमोर त्याची नोंद अशी आहे: «१. धावक पलीकडे, हा पोलपर्यंत एकटाच.» धावक पलीकडे गेल्यावर वाटेतल्या दोन चौकांत योग्य दिशेला तोंड केलेले सोबती बसले होते. तरीही त्याने खो दिला नाही, कारण पोलला वळसा घालून आपणच धावकाला गाठू, असा त्याचा भरवसा होता. दुसऱ्या फेरीत नोंद आहे: «३. पहिल्याच योग्य चौकात खो. नंतर उभाच राहिला.» म्हणजे निर्णय सुधारला, परंतु खो दिल्यावर उठलेल्या सोबत्याच्या रिकाम्या चौकात लगेच बसायचे हे तो विसरतो. अशा मुलाच्या प्रगतिपत्रकात एरवी «अतिशय चपळ खेळाडू, तालुका स्पर्धेत निवड» असा शेरा असतो. नोंदीवरून तयार होणारा शेरा असा होतो:

«सत्राच्या सुरुवातीला धावक मध्यपाटी ओलांडून गेल्यावरही एकट्यानेच पाठलाग करत असे. आता खेळ चालू असताना त्या बाजूला तोंड असलेला जवळचा सोबती ओळखून त्याला वेळेवर खो देतो. पुढील सत्रात खो दिल्याबरोबर सोबत्याच्या रिकाम्या चौकात बसण्याचा सराव करावा.»

यात वेगाविषयी एकही शब्द नाही आणि निवडीचाही उल्लेख नाही. मुलाला त्याचा कमीपणा वाटत नाही, कारण आपण इतरांवर विश्वास टाकायला शिकलो हे शिक्षकाने पाहिले, हे त्याला या शेऱ्यातून समजते. स्पर्धेतील सहभागाची नोंद प्रगतिपत्रकात त्यासाठी असलेल्या वेगळ्या जागी करावी.

दुसरी मुलगी अंगाने जाड आहे आणि हळू पळते. तिची पहिली नोंद आहे: «२. चौक अचूक. आवाज ऐकू नाही आला, सोबती बसूनच.» कोणाला खो द्यायचा हे तिला पहिल्यापासून बरोबर कळत होते, परंतु ती इतक्या हळू आवाजात «खो» म्हणत असे की सोबत्याला आपल्याला खो मिळाला हेच कळत नसे. दुसऱ्या फेरीत: «३. आवाज स्पष्ट, दोनदा स्पर्शानंतर.» म्हणजे आवाज मोठा झाला, पण दोन वेळा स्पर्श आधी आणि उच्चार मागाहून झाला. अशा मुलीच्या वाट्याला नेहमी येणारा शेरा सर्वांना ठाऊक आहे: «प्रयत्न करते, पळण्याचा सराव हवा», आणि कधी कधी तर «वजनाकडे लक्ष द्यावे». नोंदीवरून मात्र असे लिहिता येते:

«धावक कोणत्या बाजूला गेला हे लक्षात ठेवून योग्य सोबत्याला खो देण्याचा निर्णय खेळ रंगात असतानाही अचूक घेते. आधी हळू असलेला तिचा खो आता सोबत्यांना स्पष्ट ऐकू येतो. तळहाताचा स्पर्श आणि उच्चार नेहमी एकाच वेळी होतील, यावर पुढे लक्ष द्यावे.»

हा शेरा तिला धीर देतो तो त्यातील प्रत्येक शब्द खरा आहे म्हणून. वर्गात हा निर्णय इतका अचूक घेणारी मुले थोडीच असतात आणि त्यांत ती आहे, ही गोष्ट आजवर तिला कोणी सांगितलेलीच नसते.

तिसरा मुलगा उतावळा आहे. खो मिळण्याआधीच तो चौकातून उठतो आणि त्यामुळे फाऊल होतो. फाऊल झाल्यावर आक्रमण उलट दिशेला न्यावे लागते आणि हातात आलेला धावक निसटतो. म्हणून संघातील सोबतीही त्याच्यावर चिडतात. त्याची पहिली नोंद आहे: «१. खो आधीच उठला, तीनदा.» दुसरी आहे: «२. सरावात थांबतो. खेळात एकदा उठला, स्वतःच परत बसला.» या शेवटच्या तीन शब्दांत मोठी गोष्ट आहे. पंचाची शिट्टी होण्याआधीच चूक त्याच्या लक्षात आली. त्याचा शेरा असा:

«पाठीला स्पर्श होऊन खो ऐकू येईपर्यंत चौकात थांबणे सरावात जमू लागले आहे. खेळात घाईने उठल्यास आपली चूक स्वतः ओळखून परत बसतो. पुढील सत्रात सामना चालू असतानाही खोची वाट पाहण्याचा सराव करावा.»

एक बारीक गोष्ट येथे राहून जाऊ नये. या मुलाचा शेरा वरच्या दोन निष्पत्तींपैकी एकीतही नेमका बसत नाही. तो पहिल्या निष्पत्तीच्या दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे खो घेण्याचा. निरीक्षणातून असे काही दिसले, तर निष्पत्तीत ते जोडून घ्यावे. निष्पत्ती आधी लिहिली म्हणून डोळे मिटून घेण्याचे कारण नाही.

उत्तेजन देणारा शेरा म्हणजे कौतुकाचा शेरा का?

नाही. «शाब्बास», «उत्कृष्ट», «असाच पुढे जात राहा» या शब्दांनी मुलाला क्षणभर बरे वाटते, परंतु कोणती गोष्ट पुन्हा करायची हे त्यांतून कळत नाही. वर दिलेल्या तिन्ही शेऱ्यांत कौतुकाचा एकही शब्द नाही. आधी कुठे होते, आता कुठे आहे आणि पुढची एक पायरी कोणती, एवढेच त्यांत आहे. आधीच्या आणि आताच्या स्थितीतील अंतर हेच उत्तेजन असते आणि ते मुलाला स्वतःला पडताळून पाहता येते.

पुढची पायरी एकच द्यावी. ती सोमवारच्या तासिकेला मैदानावर लगेच करून पाहता येईल इतकी छोटी असावी. «अधिक मेहनत घ्यावी» ही पायरी नव्हे, कारण काय करायचे हे त्यातून कळत नाही. तसेच जमलेली गोष्ट सांगून झाल्यावर «परंतु» किंवा «मात्र» लावून कमतरता जोडू नये. वाचणाऱ्याच्या मनात मग तेवढाच भाग राहतो. दोन वेगळी वाक्ये लिहावीत आणि दुसऱ्याची सुरुवात «पुढील सत्रात» अशी करावी.

सहाशे मीटर धावण्याची वेळ किंवा वजन-उंचीचा आकडा शेऱ्यात लिहावा का?

लिहू नये. खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचण्यांत मोठ्या मुलांसाठी पन्नास मीटर धाव, सहाशे मीटर धाव किंवा चाल, पुढे वाकण्याची चाचणी, पोटाच्या बैठका, पुश-अप आणि वजन-उंचीवरून काढलेला निर्देशांक यांचा समावेश आहे. या चाचण्या उपयोगी आहेत, मात्र त्यांचे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवावेत आणि त्याविषयी पालकांशी बोलायचे असल्यास समोरासमोर बोलावे. प्रगतिपत्रक घरात सगळ्यांच्या हातात फिरते. शरीराविषयीचे वाक्य त्यावर छापले गेले की मुलाला ते वर्षभर ऐकावे लागते.

सहाशे मीटर धावण्यातही शिकवण्यासारखी गोष्ट असते आणि तिच्यावर शेरा लिहिता येतो. बहुतेक मुले पहिल्या शंभर मीटरमध्ये जीव तोडून पळतात आणि मग चालू लागतात. एकसारख्या गतीने धावणे तुम्ही शिकवले असेल, तर «सुरुवातीला गती राखून शेवटपर्यंत न थांबता धावते» हे वाक्य निष्पत्तीवर बेतलेले आहे आणि त्याला वेळेच्या आकड्याची गरज नाही.

पावसाळ्यात मैदानच वापरता येत नाही, मग पहिल्या सत्रात कशावर लिहायचे?

गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाल मातीचे मैदान चिखलाने भरलेले असते आणि तासिका व्हरांड्यात, सभागृहात किंवा वर्गातच घ्यावी लागते. त्यातच चतुर्थीची सुट्टीही येते. म्हणून पावसाळ्यात कृतीऐवजी निर्णयाची निष्पत्ती घ्यावी. फळ्यावर आठ चौक काढून बसलेल्यांची तोंडे बाणांनी दाखवावीत, धावकाची जागा बदलत जावी आणि आता खो कोणाला, असे एकेका मुलाला विचारावे. कारणही सांगायला लावावे. व्हरांड्यात चार-पाच मुलांना ओळीने बसवून स्पर्श आणि उच्चार एकत्र करण्याचा सरावही घेता येतो. मात्र शेऱ्यात परिस्थिती प्रामाणिकपणे लिहावी: «फळ्यावरील आकृतीत योग्य सोबती अचूक ओळखतो आणि त्याचे कारण सांगतो. मैदानावर हा निर्णय घेण्याचा सराव दुसऱ्या सत्रात होईल.» मैदानावर न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी लिहू नये.

दम्यामुळे किंवा दुखापतीमुळे खेळू न शकलेल्या मुलाविषयी काय लिहावे?

«वैद्यकीय कारणास्तव सूट» एवढे लिहून थांबलो, तर सत्रभर ते मूल मैदानावर असूनही त्याने काहीच शिकले नाही असा अर्थ होतो. अशा मुलाला पंचाचे किंवा गुणलेखकाचे काम द्यावे आणि त्याची निष्पत्ती त्या कामाशी जोडावी. फाऊल कोणता झाला हे ओळखणे, तो का झाला हे दोन्ही संघांना सांगणे, किती धावक बाद झाले याची नोंद ठेवणे, या सगळ्या शिकलेल्या गोष्टी आहेत. «खो पाठीमागून दिला की नाही आणि खो मिळण्याआधी कोणी उठले का, हे पंच म्हणून अचूक ओळखते व नियम समजावून सांगते» असा शेरा पूर्ण शेरा आहे. आजाराचे नाव त्यात येऊ नये. दिव्यांग मुलांच्या बाबतीतही हीच दिशा ठेवावी: त्या मुलासाठी बदलून घेतलेली निष्पत्ती लिहावी आणि इतरांशी तुलना करू नये.

गणवेश, उशीर, शिस्त यांविषयीही याच जागी लिहावे का?

नाही. कॅनव्हासचे बूट न आणणे म्हणजे खो देता न येणे नव्हे. या गोष्टी वर्गशिक्षकांकडे किंवा वहीतून पालकांकडे कळवाव्यात. मात्र पंचाचा निर्णय मान्य करणे किंवा चुकलेल्या सोबत्यावर न ओरडणे ही वागणूक तुम्ही निष्पत्ती म्हणून शिकवली असेल, तर तिच्यावर अवश्य लिहावे आणि तेही पाहिलेल्या प्रसंगाच्या आधारावर.

तीनशे मुलांचे शेरे लिहायचे असताना तयार वाक्यांची यादी वापरली तर काय बिघडते?

यादी वापरावी, फक्त ती मुलांच्या प्रकारांवरून न करता निष्पत्तीवरून करावी. «हुशार», «मध्यम», «कमकुवत» अशा तीन गटांची वाक्ये तयार केली, की शेरा पुन्हा क्षमतेकडेच जातो. त्याऐवजी प्रत्येक निष्पत्तीसाठी वर सांगितलेल्या १, २, ३ या पायऱ्यांची एकेक वाक्यरचना करून ठेवावी. सांगितल्यावर, सरावात, खेळात, हे शब्द तयार असतील. त्यानंतर नोंदीतील ते तीन-चार शब्द प्रत्येकासाठी स्वतः जोडावेत. «आवाज स्पष्ट झाला», «स्वतःच परत बसला» हा भाग कुठल्याही यादीत मिळत नाही आणि पालक वाचताना नेमके तिथेच थांबतात.

एकाच वर्गात पाच-सहा मुलांचा शेरा अगदी सारखा झाला, तर ती मुले सारखी शिकली असेही असू शकते. परंतु आधी आपली नोंद तपासावी. बहुतेक वेळा त्या मुलांची दुसरी फेरी झालेली नसते.

शेरा मुलाला उद्देशून «तू» असा लिहावा, की «तो/ती» असा?

शाळेने ठरवलेला नमुना असेल, तर तो पाळावा. मोकळीक असेल, तर माझे मत असे आहे की प्रगतिपत्रकावर «तो/ती» लिहावे आणि तेच वाक्य मैदानावर मुलाला «तू» म्हणून सांगावे. पुष्कळ घरांत आई-वडील कोकणी बोलतात, आजी-आजोबा मराठी वाचतात आणि प्रगतिपत्रक कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवते. म्हणून वाक्ये ऐकून समजतील अशी असावीत. «निर्णयक्षमतेचा विकास» न लिहिता कोणता निर्णय ते लिहावे. खो-खोतील शब्द, म्हणजे चौक, पोल, मध्यपाटी, धावक, तसेच ठेवावेत. गावात हा खेळ सगळ्यांनी पाहिलेला असतो. दोन किंवा तीन वाक्ये पुरतात.

मुलानेही स्वतःविषयी लिहावे का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये समग्र प्रगतिपत्रकाची जी कल्पना मांडली आहे, तिच्यात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापनही अपेक्षित आहे. घटकाच्या शेवटी मुलाला दोनच प्रश्न द्यावेत: या खेळात तुला आता काय जमते, आणि कोणती गोष्ट अजून सरावाची आहे? उत्तर आणि आपली नोंद शेजारी ठेवावी. दोन्हींत तफावत असेल, तर शेरा लिहिण्याआधी मुलाला बोलावून पाच मिनिटे बोलावे. वरच्या उदाहरणातील दुसरी मुलगी बहुधा «मला पळता येत नाही» एवढेच लिहील. तेव्हा तिला तिच्या नावापुढची नोंद वाचून दाखवावी.

पालकसभेत पालक विचारतात, «ते ठीक आहे, पण आमचा मुलगा वर्गात कितवा?» काय सांगावे?

क्रमांक सांगू नये आणि प्रश्न टाळूही नये. नोंदीची वही उघडावी, दोन्ही फेऱ्यांच्या तारखा दाखवाव्यात आणि या तारखेला हे जमत नव्हते, या तारखेला खेळ चालू असताना जमले, असे बोट ठेवून सांगावे. त्यानंतर घरी करण्यासारखी एक गोष्ट द्यावी. उतावळ्या मुलाच्या वडिलांना सांगता येईल की संध्याकाळी अंगणात भावंडांबरोबर खेळताना, पाठीला हात लागून «खो» ऐकू आल्याशिवाय उठायचे नाही, एवढा एकच नियम पाळून घ्यावा. पालक संघातील निवडीविषयीच विचारत असतील, तर निवड वेगळ्या निकषांवर होते आणि तिचा या शेऱ्याशी संबंध नाही, हे स्पष्ट सांगून त्यासाठी वेगळी वेळ द्यावी.